पाळी थांबली, तांबी कधी काढायची? : एक प्रस्तावना

चाळिशी उलटलेल्या बाईची पाळी कधी तीन आठवड्यांनी, कधी दोन महिन्यांनी येऊ लागली की घरात, मैत्रिणींत आणि क्वचित दवाखान्यातही एक समजूत आपोआप तयार होते, की आता दिवस राहण्याच्या बाबतीत काळजीचे कारण उरले नाही. ही समजूत चुकीची आहे. पाळी अनियमित होणे म्हणजे बीजकोशांचे काम बंद पडणे नव्हे. ते काम बेभरवशाचे झालेले असते. अशा काळात दिवस राहण्याची शक्यता घटते, पण संपत नाही. म्हणून गर्भनिरोधन हवे का, याचे उत्तर सरळ आहे : मूल नको असेल आणि शरीरसंबंध येत असेल तर हवे. खरी गुंतागुंत पुढच्या प्रश्नात आहे. ते किती दिवस चालू ठेवायचे?

या प्रश्नावर वैद्यकात दोन निरनिराळे आकडे वापरले जातात आणि बहुतेक घोटाळा त्यांची गल्लत झाल्यामुळे होतो. सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे मानतात. ही व्याख्या आहे. ती मागे वळून पाहून लावायची असते, म्हणजे शेवटची पाळी शेवटची होती हे वर्षभराने कळते. गर्भनिरोधन थांबवण्याचा नियम मात्र वेगळा आहे. शेवटची पाळी पन्नाशीनंतर आली असेल तर एक वर्ष, पन्नाशीच्या आत आली असेल तर दोन वर्षे. ब्रिटनमधल्या लैंगिक आरोग्य क्षेत्रातील डॉक्टरांच्या विद्याशाखेने चाळिशीपुढील स्त्रियांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत त्यांत हाच नियम आहे, आणि तोच आता बऱ्याच ठिकाणी प्रमाण धरला जातो. पहिल्या बारा महिन्यांची व्याख्या सर्वांना पाठ असते. दुसरी ओळ फारशी कोणी सांगत नाही.

ती ओळ मराठी वाचकाला विशेष लागू आहे, आणि या प्रस्तावनेचा सगळा भर तिच्यावरच आहे. ब्रिटनमध्ये नैसर्गिक रजोनिवृत्तीचे सरासरी वय 51 आहे. तिथल्या निम्म्याहून अधिक बायकांची शेवटची पाळी पन्नाशीनंतर येते, आणि त्यांना एक वर्षाचा नियम पुरतो. भारतात हे वय साधारण 46 ते 47 आहे. म्हणजे आपल्याकडे बहुतेक बायकांची पाळी पन्नाशीच्या आतच थांबते, आणि तिथे अपवाद वाटणारा दोन वर्षांचा नियम इथे बहुतेकींचा नियम ठरतो. ‘वर्ष झाले, आता काढून टाका’ हा सल्ला लंडनच्या बावन्न वर्षांच्या बाईला योग्य आहे. साताऱ्याच्या सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला तो एक वर्ष लवकर दिलेला सल्ला आहे.

मराठीत संततिनियमनावर मोकळेपणाने लिहिण्याची परंपरा शंभर वर्षांची आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि 1927 पासून 1953 मध्ये मृत्यू होईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. पुढे सरकारी कुटुंबनियोजनाने हा विषय गावोगाव नेला. पण त्या मोहिमेच्या डोळ्यांपुढे कायम तरुण जोडपे होते : पाळणा लांबवायचा, मग थांबवायचा. दुसरीकडे रजोनिवृत्तीवर लिहिणाऱ्यांचे लक्ष अंगातून येणाऱ्या गरम वाफांवर, हाडांवर, झोपेवर. मधल्या पाच-सात वर्षांत, जेव्हा बाई दोन्हींत असते आणि पूर्णपणे कशातच नसते, तिला दोन्हींकडून वाऱ्यावर सोडले गेले. या अभ्यासक्षेत्रात नव्याने येणाऱ्याने आधी ही मधली जागा नीट पाहावी.

ती पाहण्याचे पहिले मोठे काम एका कॅलेंडरने केले. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲलन ट्रेलोर यांनी 1934 पासून विद्यार्थिनींना पाळीच्या तारखा नोंदवायला सांगितले, आणि त्यांतल्या अनेकींनी त्या वर्षानुवर्षे, पुढे पाळी जाईपर्यंत, नोंदवल्या. 1967 मध्ये त्यातून जे प्रसिद्ध झाले त्यात एक गोष्ट ठळक दिसली. पाळीचे चक्र सगळ्यांत जास्त हेलकावे खाते ते आयुष्याच्या दोन टोकांना, पाळी सुरू झाल्यानंतरची काही वर्षे आणि ती थांबण्याआधीची काही वर्षे. मध्ये ते बऱ्यापैकी स्थिर असते. त्यासाठी रक्ताची तपासणी लागली नाही, सोनोग्राफी लागली नाही. या क्षेत्रातले सर्वांत उपयोगी साधन आजही तारखांची वही हेच आहे, असे माझे मत आहे.

याच तारखांवर पुढे अवस्था ठरवल्या गेल्या. 2001 मध्ये एक आराखडा तयार झाला आणि 2011 मध्ये तज्ज्ञांनी पुन्हा बसून तो सुधारला. त्यानुसार लागोपाठच्या दोन चक्रांच्या लांबीत सात किंवा अधिक दिवसांचा फरक वारंवार पडू लागला की संक्रमणाचा पहिला टप्पा सुरू झाला. साठ किंवा अधिक दिवस पाळी न येण्याचा प्रसंग आला की दुसरा टप्पा. दुसऱ्या टप्प्यापासून शेवटच्या पाळीपर्यंत साधारण एक ते तीन वर्षे जातात. ‘साधारण’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे, कारण एखादी बाई अशी साठ दिवसांची दांडी मारून पुन्हा सहा महिने अगदी नियमित होते.

असे का होते? मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एफएसएच नावाचे संप्रेरक सोडून बीजकोशाला दरमहा एक बीज पिकवायला सांगते. बीजकोशात उरलेली बीजे कमी झाली की तो पटकन प्रतिसाद देत नाही आणि ग्रंथी एफएसएच वाढवत नेते. कधी त्या वाढीव आदेशालाही कोणी जागे होत नाही. मग बीज फुटत नाही, पाळी लांबते. कधी एखादे उशिरा जागे होते, बीज व्यवस्थित फुटते, आणि चौदा दिवसांनी पाळी येते. कधी तर असे होते की एका चक्राचा उत्तरार्ध चालू असतानाच वाढलेल्या एफएसएचमुळे दुसरे बीज पिकू लागते आणि ते पाळीच्या आसपासच फुटते. 2009 च्या सुमारास या प्रकारच्या चक्रांचे बारकाईने वर्णन झाले. ज्या जोडप्यांनी वीस वर्षे ‘सुरक्षित दिवस’ मोजून निभावले, त्यांचा हिशेब इथे कोलमडतो. मोजायचे तरी कुठून? पाळी चालू आहे म्हणजे निर्धास्त, असेही म्हणता येत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. बाई काल्पनिक आहे, घटना मात्र अशाच क्रमाने घडतात. तिला शैलाताई म्हणू. जन्म मार्च 1975 चा, दोन मुले, ऑपरेशन केलेले नाही. 2016 मध्ये, एक्केचाळीसाव्या वर्षी, तिने तांबी बसवून घेतली, 380-ए प्रकारची, जिची मुदत दहा वर्षांची असते. 2019 च्या पावसाळ्यानंतर तिच्या वहीत चक्रे दिसतात ती 27, 36, 25 आणि 38 दिवसांची. प्रत्येक वेळी फरक सातपेक्षा जास्त. पहिला टप्पा. 2020 मध्ये 68 दिवसांचा खंड पडतो. दुसरा टप्पा. त्यानंतर काही पाळ्या येतात, काही चुकतात, आणि 10 ऑगस्ट 2021 च्या पाळीनंतर सगळे शांत होते. तेव्हा ती सेहेचाळीस वर्षे पाच महिन्यांची आहे.

ऑगस्ट 2022 मध्ये वर्ष पूर्ण होते. ती दवाखान्यात जाऊन म्हणते, “वर्ष झालं पाळी जाऊन, आता तांबी काढून टाका.” इथे दोन डॉक्टर दोन गोष्टी करू शकतात. पहिला एफएसएच तपासतो, समजा आकडा 52 येतो, तो मान डोलावतो आणि तांबी काढतो. दुसरी वय विचारते, सत्तेचाळीस ऐकते आणि म्हणते, “ताई, अजून एक वर्ष राहू द्या. त्रास देत नाही ना? मग घाई कशाला?” ही दुसरी बरोबर आहे. नियमानुसार तिची तारीख ऑगस्ट 2023 आहे.

20 नोव्हेंबर 2022 ला, पंधरा महिन्यांनी, शैलाताईंच्या अंगावरून चार दिवस जाते. आता दोन गोष्टी एकाच वेळी लक्षात ठेवायच्या. पाळी थांबून वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला तर तो ‘पाळी परत आली’ असे म्हणून कधीही सोडून द्यायचा नाही. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग अनेकदा याच खुणेने समजतो. म्हणून योनिमार्गातून सोनोग्राफी होते, अस्तराची जाडी 6 मिलिमीटर दिसते. जाडी 4 मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर अस्तराचा तुकडा घेऊन तपासतात, त्याप्रमाणे तपासला जातो. अहवालात कर्करोग नाही, त्याआधीच्या अवस्थेचे बदलही नाहीत, पण अस्तर स्रावी अवस्थेत आहे असे लिहून येते. स्रावी अवस्था प्रोजेस्टेरॉनशिवाय येत नाही, आणि बाहेरून कोणतेही संप्रेरक न घेणाऱ्या बाईत प्रोजेस्टेरॉन येते ते बीज फुटल्यावरच. म्हणजे साडेसत्तेचाळीस वर्षांच्या, पंधरा महिने पाळी न आलेल्या या बाईचे नोव्हेंबरच्या सुरुवातीला बीज फुटले होते. ज्या डॉक्टरने ऑगस्टमध्ये तांबी काढली असती, त्याच्या हिशेबात ती तेव्हा निर्धास्त होती.

मोजणी आता पुन्हा शून्यापासून. 20 नोव्हेंबर 2022 ही नवी शेवटची पाळी, त्यात दोन वर्षे मिळवून 20 नोव्हेंबर 2024. त्या दिवशी ती एकोणपन्नास वर्षे आठ महिन्यांची असेल आणि मधल्या काळात काही झाले नाही तर तांबी काढता येईल. तिची मुदत 2026 पर्यंत असल्याने बदलण्याची वेळही येत नाही. मुदत आधी संपली असती तरी चाळिशीनंतर बसवलेली तांब्याची तांबी पाळी जाईपर्यंत ठेवायला ब्रिटिश मार्गदर्शन मुभा देते, कारण या वयात तिचे अपयश आणखी दुर्मीळ होते. आपल्याकडच्या डॉक्टरला मुदतीचा आग्रह धरावासा वाटला तर तोही गैर नाही, निर्णय दोघांनी बोलून घ्यावा.

असे प्रसंग फार घडतात असे नाही. वर्षभर पाळी न आलेल्या बहुतेक बायकांची ती खरोखरच परत येत नाही. पण तेवढ्याच खंडाचा अर्थ वयाप्रमाणे बदलतो : पंचेचाळिशीतल्या सहा महिन्यांच्या खंडानंतर पाळी परतण्याची शक्यता चोपन्नाव्या वर्षीच्या तेवढ्याच खंडापेक्षा बरीच जास्त असते. पन्नाशीच्या अलीकडे दोन आणि पलीकडे एक वर्ष हा नियम या निरीक्षणाला दिलेले व्यवहारी रूप आहे. तो मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झालेला निसर्गनियम नव्हे. उपलब्ध नोंदी आणि जाणकारांचे एकमत यांवर तो उभा आहे. पन्नासाव्या वाढदिवशी शरीरात काही घडत नाही, हे अभ्यासकाने विसरू नये आणि म्हणून नियम मोडीतही काढू नये. वयाचे वरचे टोकही असेच ठरवलेले आहे. पंचावन्न पूर्ण झाल्यावर, अधूनमधून पाळी येत असली तरी, गर्भनिरोधन थांबवता येते, कारण त्या वयात नैसर्गिकपणे दिवस राहणे अत्यंत विरळ. पंचावन्नाला पाळी चालू असेल तर मात्र तिची तपासणी वेगळ्या कारणासाठी करावी लागते.

खालच्या टोकाला हा नियम लागूच होत नाही. चाळिशीच्या आत पाळी थांबली तर ती अकाली बीजकोश निकामी होण्याची वेगळी स्थिती असते. अशा बायकांत पाच ते दहा टक्क्यांना पुढे कधीतरी आपोआप दिवस राहतात, त्यामुळे दोन वर्षांचा हिशेब तिथे फसवा ठरतो आणि मूल नको असेल तर गर्भनिरोधन चालूच ठेवावे लागते. चाळीस ते पंचेचाळीस या वयात पाळी बेपत्ता झाली तर थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि अर्थातच गर्भधारणा आधी तपासून मगच रजोनिवृत्तीचा विचार करावा.

एफएसएचच्या तपासणीबद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण प्रयोगशाळेच्या कागदावर ‘रजोनिवृत्तीची पातळी’ असे छापून आले की तो शब्द अंतिम वाटतो. संक्रमणाच्या काळात हे संप्रेरक आठवड्याआठवड्याला वरखाली होते. आज 50, पुढच्या महिन्यात 9, आणि त्या महिन्यात बीज फुटलेले. म्हणून पंचेचाळिशीपुढच्या बाईत, जिची पाळी नुसतीच अनियमित आहे, तिच्या बाबतीत गर्भनिरोधन थांबवायचे की नाही हे या आकड्यावर ठरवत नाहीत. एएमएच नावाची जी दुसरी तपासणी वंध्यत्वाच्या दवाखान्यांतून लोकप्रिय झाली आहे, तिचेही तेच. ती उरलेल्या बीजांचा अंदाज देते, एकही बीज फुटणार नाही याची हमी देत नाही.

एफएसएचला खरे काम उरते ते एका ठिकाणी. काही साधने पाळीच झाकून टाकतात. लेव्होनॉरजेस्ट्रेल असलेली संप्रेरकी तांबी, केवळ प्रोजेस्टिनची गोळी, दंडात बसवायची कांडी किंवा तीन महिन्यांचे ‘अंतरा’ इंजेक्शन घेणाऱ्या अनेक बायकांना पाळी येतच नाही. त्यांची शेवटची पाळी कोणती, हे वहीवरून सांगता येत नाही. अशी बाई पन्नास ओलांडलेली असेल आणि तिला पंचावन्नपर्यंत थांबायचे नसेल तर एकदा एफएसएच तपासावे. ते 30 पेक्षा जास्त असेल तर साधन आणखी एक वर्ष चालू ठेवून मग थांबवता येते. ‘अंतरा’ घेणाऱ्यांत इंजेक्शनमुळे हा आकडा थोडा दबू शकतो, त्यामुळे तपासणी पुढच्या डोसच्या वेळी करणे बरे. पण मिश्र गोळ्या, ज्यांत इस्ट्रोजेन असते, त्या घेणाऱ्या बाईत एफएसएचचा काहीच अर्थ लागत नाही. तिला दरमहा नेमाने येणारी ‘पाळी’देखील तिच्या बीजकोशाची नसते. गोळ्यांच्या सुटीमुळे अस्तर गळते, एवढेच. मिश्र गोळ्या पन्नाशीला थांबवाव्यात, आणि रक्तदाब, धूम्रपान, दृष्टीसमोर चमका येणारी अर्धशिशी किंवा रक्ताच्या गुठळीचा इतिहास असेल तर त्याआधीच. ‘अंतरा’ही पन्नाशीला थांबवण्याचाच सल्ला आहे, मुख्यतः हाडांच्या काळजीने. दोन्हींच्या जागी दुसरे साधन घ्यायचे असते. साधन थांबवले म्हणजे गरज संपली, असे नव्हे.

अशीच एक गफलत रजोनिवृत्तीच्या त्रासासाठी दिल्या जाणाऱ्या संप्रेरक उपचाराबाबत होते. गरम वाफा, घाम, झोपमोड यांसाठी इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन सुरू झाले की बाईला वाटते, हे तर गोळ्यांचेच औषध, म्हणजे दिवसही राहणार नाहीत. त्या मात्रा बीज फुटणे खात्रीने थांबवत नाहीत. उपचार चालू असताना गर्भनिरोधन वेगळे घ्यावे लागते. संप्रेरकी तांबी बसवली तर ती दोन्ही कामांत उपयोगी पडते : गर्भनिरोधन आणि इस्ट्रोजेनपासून अस्तराचे रक्षण. फक्त मोजणी सारखी नाही. पंचेचाळिशीनंतर बसवलेली 52 मिलिग्रॅमची संप्रेरकी तांबी गर्भनिरोधनासाठी पंचावन्नपर्यंत ठेवता येते, पण अस्तराच्या रक्षणासाठी ती पाच वर्षांनी बदलावी लागते.

इथे वाचक विचारील, महाराष्ट्रात हा प्रश्न किती जणींचा? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत राज्यातील जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांनी नसबंदी केलेली आढळली. त्यांना वेगळे काही करावे लागत नाही, त्यांची नळी पंचविशीत बांधली असली तरी संरक्षण पंचेचाळिशीतही टिकते. ज्यांचे गर्भाशय काढले आहे त्यांचाही प्रश्न मिटला. उरतात त्या तांबी किंवा निरोधवर निभावणाऱ्या, उशिरा लग्न झालेल्या, दुसरे लग्न केलेल्या, आणि ज्यांनी वयाच्या भरवशावर सगळेच सोडून दिले आहे त्या. निरोध या वयात वाईट नाही. जोडपे सवयीने नीट वापरत असेल तर घटलेल्या जननक्षमतेमुळे तो अधिक खात्रीचा होतो आणि पाळीच्या वहीत लुडबुड करत नाही. ‘छाया’ या आठवड्याच्या गोळीत इस्ट्रोजेन नाही, हा तिचा फायदा. मात्र ती पाळी लांबवते, त्यामुळे खंड वयाचा की गोळीचा हे सांगणे कठीण जाते. तातडीची गोळी कोणत्याही वयात घेता येते, तिला चाळिशीची बंदी नाही.

तांबीचे दुसरे टोकही विसरू नये. गरज संपल्यावर ती काढायची असते. पाळी गेल्यावर गर्भाशय आक्रसते, त्याचे मुख अरुंद होते, दोरा आत ओढला जातो, आणि दहा वर्षांनी ती काढणे वेदनादायक व अवघड होते. शिवाय विसरलेली तांबी जंतुसंसर्गाचे आणि रक्तस्रावाचे कारण होऊ शकते. ‘राहू द्या’ हा सल्ला तारखेपर्यंत ठीक, तारखेनंतर नाही.

शेवटी या सगळ्या काळजीमागचे कारण. पंचेचाळिशीत राहिलेल्या गर्भधारणांपैकी निम्म्याहून अधिक गर्भपाताने संपतात. या वयात डाऊन सिंड्रोमची शक्यता सुमारे तिसात एक असते, पस्तिशीत ती साडेतीनशेत एक होती. आईला रक्तदाब आणि मधुमेहाचा धोका वाढलेला असतो. आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे गर्भधारणा उशिरा कळते. पाळी चुकली, मळमळते, थकवा आहे, छाती जड वाटते, मूड सारखा बदलत राहतो : यातली प्रत्येक खूण रजोनिवृत्तीच्या यादीतही आहे. बाई तीन-चार महिने ‘आता जायची वेळ आली’ म्हणून वाट पाहते. गर्भपात कायद्यात 2021 च्या दुरुस्तीनंतर गर्भनिरोधन अपयशी ठरल्याचे कारण विसाव्या आठवड्यापर्यंत अविवाहित स्त्रीलाही सांगता येते. पण नको असलेली गर्भधारणा बारा आठवड्यांआत संपवणे आणि एकोणिसाव्या आठवड्यात संपवणे यांत शरीराला फार फरक पडतो. म्हणून या वयात पाळी चुकली तर पहिली तपासणी एफएसएचची नव्हे, लघवीची. ती औषधाच्या दुकानात मिळते, घरी करता येते, आणि शेवटच्या असुरक्षित संबंधानंतर तीन आठवड्यांनी केली तर उत्तर भरवशाचे असते.

या विषयात पुढे जाणाऱ्या वाचकाला एकच विनंती. पुढच्या वेळी चाळिशीपुढची बहीण, मावशी किंवा पेशंट ‘पाळी गेली’ म्हणाली की आधी दोन गोष्टी विचारा : शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली, आणि त्या दिवशी वय किती होते. पन्नासाच्या आत असेल तर दोन वर्षे मोजा.